खोली घ्यायची, पण भाडं कोणत्या महिन्याच्या कमाईवर?

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी सांगितलेली माहिती. बैठकीला न आलेल्या सभासदांसाठी येथे देत आहोत.)



पाऊस उघडला की आपल्या शहापूर-मुरबाडच्या गटांमध्ये एक विषय हमखास निघतो. खोली घ्यायची का? कुणाला मुलाच्या कॉलेजसाठी कल्याण-बदलापूरला घ्यायची असते, कुणाला मालकांच्या नोकरीसाठी आसनगाव, वाशिंदला. मुरबाडला रेल्वे नाही आणि डोळखांब-किन्हवलीकडून स्टेशन गाठायचं तर आधी एसटी नाहीतर जीप. त्यात जाणारा वेळ तुम्ही रोज बघता, त्यामुळे खोली हवीशी वाटते यात काही चूक नाही. आज आपण एवढंच बघू की भाडं किती झेपेल, हे कागदावर कसं काढायचं.

पद्धत सोपी आहे. भाड्याला शंभरने गुणायचं आणि महिन्याच्या उत्पन्नाने भागायचं. जो आकडा येतो तितके टक्के उत्पन्न भाड्यात जातं. साधारण तीस टक्क्यांच्या आत असावं असं म्हणतात. हा तीसचा आकडा आपल्याकडचा नाही. अमेरिकेत सरकारी घरांच्या भाड्याला १९६९ साली उत्पन्नाच्या पंचवीस टक्क्यांची मर्यादा घातली गेली, ती १९८१ मध्ये तीस टक्के झाली, आणि तिथून तो जगभर पसरला. तिथे भाडेकरूचं घर एकच असतं. आपलं तसं नाही. खोली घेतली तरी गावचं घर चालू राहतं, म्हातारी माणसं तिथेच असतात, आणि उत्पन्न बारा महिने सारखं नसतं. म्हणून हिशेब आपल्याला थोडा वेगळा करावा लागतो.

एक घर धरू. नाव मुद्दाम घेत नाही, आकडेही समजण्यासाठी धरलेत. गाव डोळखांबच्या बाजूला. घरचे दादा ठाण्याला ठेकेदाराकडे कामाला आहेत, हातात चौदा हजार पडतात. जुलैत लावणीसाठी ते सुट्टी घेतात, ती बिनपगारी, म्हणून त्या महिन्यात आठच हजार येतात. ताई भात निघाल्यावर भेंडी-काकडी लावतात. नोव्हेंबर ते मार्च असे पाच महिने त्यांना खर्च जाऊन सहा-सहा हजार सुटतात. आसनगावला खोली बघितलीय, भाडं ४,५०० रुपये.

ही बोलणी बहुतेक वेळा हिवाळ्यात होतात, हात जरा मोकळा असतो तेव्हा. हिवाळ्यातल्या महिन्याचं उत्पन्न चौदा आणि सहा, वीस हजार. ४,५०० गुणिले १००, भागिले २०,०००, म्हणजे साडेबावीस टक्के. वाटतं, सहज झेपेल.

आता वर्षाचं उत्पन्न धरा. दादांचे अकरा महिन्यांचे १,५४,००० आणि जुलैचे ८,००० मिळून १,६२,०००. भाजीचे ३०,०००. एकूण १,९२,०००, बाराने भागले की महिन्याला १६,०००. आता भाडं अठ्ठावीस टक्के झालं. अजूनही तीसच्या आत.

पण ताई, सगळं कुटुंब आसनगावला गेलं तर भेंडी कोण तोडणार? भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते. म्हणजे खोली घेतल्यावर भाजीचं उत्पन्न बंद. उरले १,६२,०००, महिन्याला साडेतेरा हजार. खोली घेतल्यानंतर जे उत्पन्न राहणार आहे, त्यानेच भागायचं. मला तर वाटतं इथेच सगळ्यात जास्त फसगत होते, कारण बाईच्या कमाईचा आकडा घरात कुणी मोठ्याने मांडलेलाच नसतो.

वरचा आकडाही नुसत्या भाड्याचा नको. सबमीटरवर मालक युनिटला दहा रुपये लावतो, साठ युनिटचे सहाशे झाले, पाण्याचे शंभर. खोली पडली ५,२०० ला. भागिले साडेतेरा हजार, साडेअडतीस टक्के. आणि जुलैत, आठ हजारच येतात तेव्हा, पासष्ट टक्के.

टक्केवारी एवढं सांगते. पण खोलीने काही वाचतंही, तेही धरलं पाहिजे. म्हणून शेवटी काय उरतं ते बघू. आज गावातून जाऊन-येऊन दादांचे दिवसाला ऐंशी रुपये लागतात, सव्वीस दिवसांचे २,०८०. किराणा, शाळा, औषध, मोबाइल, रेल्वेचा पास मिळून ६,०००. गटाची बचत दोनशे आणि कर्जाचा हप्ता दीड हजार. हे सगळं सोळा हजारांतून वजा केलं की ६,२२० उरतात.

आसनगावला गेल्यावर जीपचे २,०८० वाचले. पण सरपण नाही म्हणून गॅस, परसातली भाजी नाही म्हणून विकतची, त्याचे दीड हजार वाढले. गावी ये-जा करायला चारशे. साडेतेरा हजारांतून ५,२००, ६,०००, १,७००, १,५०० आणि ४०० काढा. उरत नाहीच, दरमहा १,३०० कमी पडतात. ही तूट गटात लगेच दिसते. आधी बचत उशिरा येते, मग हप्ता अर्धा येतो.

आता उलटं जाऊ. खोली सोडून बाकीचे खर्च काढले तर ३,९०० राहतात. त्यातून लाइट-पाण्याचे सातशे आणि जुलैसाठी बाजूला ठेवायचे सातशे काढले, तर भाडं अडीच हजारांपर्यंत झेपतं. तेवढ्यात स्टेशनजवळ खोली मिळत नसेल, तर सगळ्यांनी जाणं या घराला परवडत नाही.

दुसरा रस्ता असा की, तीच खोली गावातल्या तिघांनी मिळून घ्यायची. वाट्याला दीड हजार भाडं, अडीचशे लाइट-पाणी. दादांच्या वेगळ्या जेवणाचे १,८००, आठवड्याला घरी यायचे ३२०. भाजीचं उत्पन्न चालू राहिल्यामुळे सोळा हजारांतून सगळं जाऊन ४,४३० उरतात. पैशाने हे जमतं. पण मग घर, म्हातारी माणसं, शेत, सगळं ताईच्या एकटीच्या अंगावर येतं. हे टक्क्यांत मांडता येत नाही, तेव्हा घरात बसून बोलून घ्या.

डिपॉझिटचं वेगळं बघा. पंधरा हजार डिपॉझिटसाठी गटातून दहा हप्त्यांचं कर्ज काढलं, तर शेकडा एक रुपया व्याजाने पहिला हप्ता १,६५० येतो. डिपॉझिट खोली सोडताना परत मिळेल, पण तोवर दहा महिने हा हप्ता भाड्यातच धरायचा.

आणि करार लेखी मागा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. भाडं पुढच्या वर्षी कितीने वाढणार, युनिटचा दर काय आणि डिपॉझिट किती दिवसांत परत, या तीन गोष्टी त्यात लिहून घ्या. वाढ पाचशेची असेल तर सही करायच्या आधी ५,२०० च्या जागी ५,७०० घालून हाच हिशेब परत एकदा करा.

पुढच्या बैठकीला ज्यांना खोली घ्यायचीय त्यांनी बारा महिन्यांचं उत्पन्न, महिन्यागणिक, वहीत लिहून आणावं. जुलै आणि ऑगस्ट विसरू नका.