साहेबांसमोर एकच पान

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत झालेलं बोलणं)

जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेच्या प्रकल्प संचालकांकडं आपल्याला पाच मिनिटं मिळतात. तेवढ्यात गटाचा सगळा इतिहास सांगत बसलो, तर शेवटी उत्तर येतं, "अर्ज ठेवून जा, बघतो." म्हणून एक पानी टिपणी न्यायची. ती कशी लिहायची, ते कडक भाकरीच्या उदाहरणावरून बघू. आकडे समजुतीसाठी धरलेत.

समजा, वीस जणी मिळून रोज १,००० भाकरी करतात. घरोघरी पॅकिंग होतं, त्यात १०० तुटतात. एका जागी पॅकिंग केलं तर ३० तुटतील. म्हणजे रोज ७० भाकरी वाचल्या. आठ रुपयांनी ५६० रुपये, पंचवीस दिवसांचे १४,०००.

आता पर्याय मांडा. पहिला, आहे तसंच चालू ठेवायचं. खर्च नाही, पण हे १४,००० बुडतात. दुसरा, खाजगी खोली, भाडं ६,०००; हाती ८,००० उरतात. तिसरा, पंचायत समितीचा रिकामा गाळा, भाडं २,०००. हाती १२,००० उरतात, पण दुरुस्तीला एकदाच १५,००० लागतील. गाळ्यात खोलीपेक्षा महिन्याला ४,००० जास्त उरतात, म्हणजे चार महिन्यांत दुरुस्ती फिटते. तिसऱ्याची अडचणही लिहा. लपवली तर साहेब पहिला प्रश्न तोच विचारतील. नुसते दाखवायला खोटे पर्यायही घालू नका, ते लगेच कळतं.

मग शिफारस: "तिसरा पर्याय. दुरुस्तीचा खर्च प्रभागसंघ स्वतः करेल." खाली ठरावाचा क्रमांक आणि तारीख.

इथं एक गोम आहे. गाळा पंचायत समितीचा, तो देणं संचालकांच्या हातात नाही. त्यांच्या हातात आहे गटविकास अधिकाऱ्यांना शिफारसपत्र देणं. म्हणून "गाळा मिळावा" असं न लिहिता "शिफारसपत्र द्यावं" असं लिहा. ज्याच्या हातात जे आहे, तेच मागायचं. आणि ही मागणी पानाच्या पहिल्याच ओळीत, तारखेसकट: "जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेची विक्री आहे, दुरुस्तीला दोन आठवडे लागतात, म्हणून पत्र १५ डिसेंबरपर्यंत मिळावं." कारण दिलं की तारीख हट्टाची वाटत नाही.

पान जमलं का, हे आधी गावातच तपासा. या कामातली नसलेल्या ताईला एकदा वाचायला द्या आणि पान काढून घ्या. काय मागितलंय, का आणि कधीपर्यंत, हे तिनं सांगितलं तर पान तयार. "मग नेमकं काय पाहिजे?" असं ती म्हणाली, तर साहेबही तेच म्हणणार. पुन्हा लिहा.