नावात जरा काही आहे

(मंडळाच्या साहित्य शाखेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बालकथेतील मुलाचे नाव त्याच्या एखाद्या स्वभावविशेषाची चाहूल देणारे ठेवावे काय, आणि ठेवावे तर कसे, एवढ्याच लहानशा प्रश्नावर आम्ही बोलणार आहोत. हा अधिकार आम्हांला विद्वत्तेने नव्हे, तर एका चुकीने प्राप्त झाला आहे.

काही वर्षांपूर्वी मंडळाच्या बालमेळाव्यासाठी आम्ही एक कथा लिहिली. तिचा नायक गोहलपुरात राहणारा दहा वर्षांचा श्रीधर. स्वभावाने सावध, प्रत्येक कामापूर्वी थबकणारा. आम्ही त्याला टोपणनाव दिले 'कासव्या'. कथेचे वाचन झाले, मुले खळखळून हसली, आम्ही प्रसन्न चित्ताने घरी परतलो. पुढच्या रविवारी कळले की, मेळाव्यातीलच एका मुलाला, जो उत्तर द्यायला अंमळ वेळ घेई, सगळे 'कासव्या' म्हणू लागले होते. तो पुढचे तीन रविवार आला नाही. त्याच्या आईने आम्हांला दोष दिला नाही, हे अधिकच बोचले.

मग आम्ही भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' पुन्हा काढून बसलो. भागवतांचा जन्म १९१० मध्ये इंदूरचा. तेव्हा ते आपल्याकडचेच, असा थोडा हक्क आम्ही सांगतो! त्यांच्या नायकाचे खरे नाव बनेश फेणे, गाव पुण्याजवळचे फुरसुंगी. 'फास्टर' हे केवळ त्याचे टोपणनाव. आणि टोपणनावाखाली खरे नाव शाबूत आहे, म्हणून त्या मुलाला चपळाईखेरीज आणखीही काही असण्यास जागा उरते. दुसरे असे की, हे नाव कृतीवरून आलेले आहे. 'फास्टर' हा निवाडा नव्हे. तो मुलगा काय करतो एवढेच ते सांगते. आणि तिसरी गंमत ध्वनीची. फास्टर, फेणे, फुरसुंगी ही तीन 'फ'कारांची माळ ओठांवर आली की अर्थ न कळणारे पाच वर्षांचे पोरही ती घोळवीत बसते. एका इंग्रजी विशेषणाचे असे अस्सल मराठी नाव झाले, की २०१७ मध्ये त्याच नावाचा चित्रपट निघाला तेव्हा कोणाला अर्थ सांगावा लागला नाही.

आमच्या 'कासव्या'त उणे काय होते, ते आता उमगले. ते नाव मुलाची कृती सांगत नव्हते. त्याला तुच्छ ठरवीत होते. शिवाय ते कोणत्याही सावकाश मुलाच्या पाठीला चिकटणारे होते.

आम्ही पुन्हा आरंभ केला. हा श्रीधर नेमके काय करतो? दर वेळी म्हणतो, "जरा थांबा." म्हणून प्रथम 'थांबू' सुचले. पण आपण परमुलखात राहतो; नाव गल्लीत हाक मारून पारखावे लागते. कथेतले श्रीधरचे सवंगडी हिंदी बोलणारे. शेजारच्या मुलाकडून आम्ही ती हाक मारून घेतली, तर त्याने 'तंबू' केले! सावध मुलाचा तंबू झाला म्हणजे कथाच कोसळली.

तेव्हा 'जरा' हा शब्द हाती धरला. तो मराठीत आहे, हिंदीतही आहे. कथेत श्रीधरचे आजोबा महाभारताचे वेडे. नातवाचे ते 'जरा, जरा' ऐकून ते एकदा वैतागून म्हणतात, "हा तर आमचा जरासंध!" नाव ठरले. लहानांना त्यात 'जरा' ऐकू येते, मोठ्यांना मगधाचा बलाढ्य राजा दिसतो. आणि कोणा खऱ्या मुलाला कोणी ते चिकटवलेच, तरी राजाच्या नावाने कोण खट्टू होणार? कोण हाक मारतो, यालाही महत्त्व आहे: लेखकाने स्वतः नाव दिले तर तो शिक्का होतो, आजोबांनी दिले तर ते लाडाचे राहते.

राहिला कथेचा प्रश्न. अशा नावाचा धोका हा, की वाचकाला पहिल्याच पानावर शेवट कळतो. आम्ही जरासंधाला दोनदा थांबू दिले. एकदा त्याच्या थांबण्यामुळे पतंग हातचा गेला. दुसऱ्यांदा पावसाने फुगलेल्या नाल्यात उतरू पाहणारी मुले त्याच्या "जरा थांबा"ने काठावर राहिली. तिसऱ्या वेळी त्याची धाकटी बहीण त्याच काठावरून घसरली. मेळाव्यातील मुले "जरा" या शब्दाची वाट पाहत होती. तो आलाच नाही. श्रीधर धावला, आणि बहिणीची वेणी हाती येताच पालथा पडून तिला धरून राहिला. नावाने निर्माण केलेली ही अपेक्षा मोडली, तेव्हाच मुलांना तो मुलगा खरा वाटला. तीच अपेक्षा आरंभी दोनदा पुरवली नसती, तर मोडण्यासारखे काही उरलेच नसते.

(आमच्या कार्यालयात 'जरा थांबा' याला 'प्रकरण विचाराधीन' म्हणतात, तेथे बहीण घसरली तरी शब्द बदलत नाही, असे एका सहकाऱ्याचे मत आहे.)

कथा नव्याने वाचली त्या दिवशी तो मुलगा आला होता. मागच्या रांगेत बसला होता. वाचन संपल्यावर जवळ येऊन, नेहमीप्रमाणे थोडा वेळ घेऊन, त्याने विचारले, "काका, जरासंध पुढच्या कथेत सायकल शिकेल का?" ती कथा आम्ही सध्या लिहीत आहोत.