निळी रेषा, लाल रेषा

मंडळी, पंचगंगेकाठच्या आपल्या गावाचा हा पूरनकाशा बघा. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथं शेती करा, घर नको. निळ्या-लाल रेषांमधला पट्टा नियंत्रित. तिथं परवानगीनं बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पूरपातळीच्या वर हवं.

निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदाच्या पुराची. म्हणून २०१९ला पूर आला, आता २०४४पर्यंत निवांत, असा हिशेब करू नका! दरवर्षी शक्यता शंभरात चार, आणि लाल रेषेच्या पुराची शंभरात एक. २०२१ला पाणी पुन्हा आलंच की.

रेषा नदीच्या पुराची आहे. ओढ्याला फूग आली, तर पाणी रेषेबाहेरच्या घरातही शिरतं. ओढ्याकाठच्यांनी मागच्या पुराच्या भिंतीवरच्या खुणा तलाठ्यांना दाखवाव्यात.