ठेव कुठे ठेवावी?



नवी करप्रणाली निवडल्यावर अनेकांनी पीपीएफमध्ये पैसे भरणे थांबवले. गुंतवणुकीवरची वजावट गेली, मग खात्यात काय उरले, असा त्यांचा हिशेब. पण खात्याचा मोठा लाभ अजून शाबूत आहे. पीपीएफचे व्याज दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे.

एक उदाहरण पाहू. एक नोकरदार बाई वर्षाला तीन लाख रुपये बाजूला टाकतात. त्यांना निम्मे पैसे सुरक्षित आणि निम्मे शेअर बाजारात हवे आहेत. उत्पन्न तीस टक्क्यांच्या टप्प्यात असल्याने उपकरासह कर ३१.२ टक्के. बँकेच्या मुदत ठेवीवर ७ टक्के व्याज धरले, तर कर जाऊन हातात ४.८ टक्केच राहतात. पीपीएफचा दर ७.१ टक्के धरला, तर तो सगळाच्या सगळा मिळतो. हे दर कायम राहिले, तर आज भरलेल्या दीड लाखाचे पंधरा वर्षांनी ठेवीत सुमारे ३ लाख ४ हजार होतील आणि पीपीएफमध्ये सुमारे ४ लाख २० हजार. ठेवीवरचा कर दरवर्षी भरावा लागतो आणि त्या रकमेवर पुढे मिळाले असते ते व्याजही बुडते. फरक पडतो तो त्यामुळे.

शेअर बाजाराचे तसे नाही. इंडेक्स फंडाचा ग्रोथ पर्याय घेतला, तर युनिट विकेपर्यंत कर नाही. वर्षभरानंतर विकले, तर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आणि त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर. लाभांशाचा पर्याय मात्र टाळावा, कारण लाभांशावर दरवर्षी आपल्या टप्प्याप्रमाणे कर लागतो.

म्हणून या बाईंनी सुरक्षित दीड लाख पीपीएफमध्ये भरावेत. वर्षाची मर्यादा तेवढीच आहे. उरलेले दीड लाख साध्या खात्यातून इंडेक्स फंडात घालावेत. जोखीम पूर्वीइतकीच राहते, कर कमी होतो.

याला मर्यादा आहेत. पीपीएफचे पैसे पंधरा वर्षे अडकतात आणि सुरुवातीची काही वर्षे त्यातून रक्कम काढता येत नाही. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च आणि लवकर लागणारे पैसे, कर भरावा लागला तरी, ठेवीतच असू द्यावेत. शिवाय ज्यांना प्राप्तिकरच लागत नाही, त्यांनी फक्त व्याजदर आणि सोय पाहावी.

आपले गणित चुकते आहे का, हे ओळखायला प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावरचे आपले वार्षिक माहिती विवरण उघडा. तिथे ठेवींचे व्याज मोठे दिसत असेल आणि त्याच वर्षी पीपीएफमध्ये जागा रिकामी राहिली असेल, तर मुदत संपणारी पुढची ठेव आपोआप नूतनीकृत होऊ देऊ नका. ती रक्कम पाच एप्रिलपर्यंत पीपीएफमध्ये भरली, तर संपूर्ण वर्षाचे व्याज मिळते.