पूर आला की पोर आला?

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यात मी जे आवाज काढून दाखवले, ते वाचताना तुम्हीच तोंडाने काढायचे. आजूबाजूला कोणी असेल तर बसमधून उतरल्यावर काढा.)

आज सुरुवात घरातल्या एका फोनने करतो.

मी तुमसरचा. पावसाळ्याचे दिवस होते, पत्र्यावर पाऊस नुसता बडवून राहिला होता. वैनगंगेकाठच्या गावावरून मामांचा फोन आला आणि तो आजीने उचलला. रेंज एक काडी. मामा ओरडून सांगत होते, "पूर आला!" आणि आजी तेवढ्याच जोरात विचारत होती, "कोनाचा पोर आला?" असं दोन मिनिटं चाललं. शेवटी मामा म्हणाले, "पानी! पानी घुसलं अंगनात!" तेव्हा आजीने कपाळावर हात मारला.

तेव्हा आम्ही सगळे हसलो. नंतर मला प्रश्न पडला, की आजीने 'पोर'च का ऐकलं? 'पीर आला' का नाही ऐकलं? पीर काही आम्हाला अनोळखी नाही. 'पार आला' का नाही? आजीच्या कानाने चूक केली, पण ती शेजारच्याच घरात शिरण्याची चूक होती. चार गल्ल्या ओलांडून ती भलत्याच घरी गेली नाही. आजचा सगळा विषय या 'शेजार'चा आहे.

आता हे सहा शब्द मोठ्याने म्हणा: पीर, पेर, पर, पार, पोर, पूर. प आणि र तेच, फक्त मधला स्वर बदलला. एक दर्ग्यातला, एक शेतातलं काम, एक पाखराचं, एक वडाखालचा, एक घरातलं, एक नदीचा. बोलल्या मराठीचे मूळ स्वर हे एवढेच, सहा. शाळेत आपण यापेक्षा बरेच जास्त घोकले होते, मान्य. पण 'ऐ' आणि 'औ' हे जोडस्वर आहेत, 'ऋ' आपण 'रु' असाच म्हणतो, आणि पहिली-दुसरी वेलांटी कागदावर वेगळी असली तरी कानाला नाही. 'दिन' आणि 'दीन' मी डोळे मिटून म्हटले तर कोणता कोणता ते तुम्ही सांगू शकणार नाही. वेलांटीसाठी मार्क कापले गेले असतील तर तो दोष तुमच्या कानाचा नव्हता.

बरं, हे सहा स्वर राहतात कुठे? एक प्रयोग करा. आवाज न काढता, फक्त कुजबुजत म्हणा: ई, ए, आ, ओ, ऊ. एका दमात. काहीतरी वरून खाली उतरतंय असं ऐकू येईल, शिट्टी हळूहळू जाड होत जावी तसं. गळा तर गप्प आहे, मग उतरतंय काय? तुमच्या तोंडाची पोकळी घुमते आहे. जीभ पुढे असली की घुमणं बारीक, मागे गेली आणि ओठ गोल झाले की जाड. या घुमण्याला फॉर्मंट म्हणतात. हा जो उतरताना ऐकू आला तो दुसरा फॉर्मंट. पहिला फॉर्मंट जबड्याशी बांधलेला आहे. तोंड जितकं उघडं, तितका तो वर जातो.

म्हणजे प्रत्येक स्वराला दोन आकड्यांचा पत्ता मिळाला. मोठ्या पुरुषाच्या आवाजात ढोबळ मानाने 'ई'चा पहिला फॉर्मंट 300 हर्ट्झ आणि दुसरा 2200 च्या आसपास. 'ऊ'चा पहिलाही 300, पण दुसरा 800. 'आ'चा पहिला 750 आणि दुसरा 1200. हे तीन ठिपके कागदावर टाका. वर डावीकडे 'ई', वर उजवीकडे 'ऊ', खाली मध्ये 'आ'. उलटा त्रिकोण झाला. चौकोन का नाही? कारण तोंड पूर्ण उघडलं की जिभेला पुढे-मागे सरकायला फारशी जागाच उरत नाही. खाली जागा अरुंद, वर रुंद. माणसाचं तोंड जगात सगळीकडे याच घडणीचं आहे, म्हणून त्रिकोणही तोच.

आता तुमसर रोड स्टेशनवरचा बाक डोळ्यासमोर आणा. पहिला अनोळखी माणूस येतो आणि एका टोकाला बसतो. दुसरा दुसऱ्या टोकाला. तिसरा? बरोबर मधोमध. कोणी पाटी लावलेली नाही, तरी प्रत्येक जण दुसऱ्यापासून जमेल तेवढा लांब बसतो.

1972 साली योहान लिलियेनक्रांट्स आणि ब्योर्न लिंडब्लॉम या दोन स्वीडिश संशोधकांनी कॉम्प्युटरला साधारण हेच काम दिलं. स्वरांच्या त्या जागेत तीन ठिपके सोडा, चार सोडा, पाच सोडा, आणि प्रत्येक ठिपका बाकीच्यांना ढकलतोय असं समजा. जितका जवळ, तितका धक्का जोरात. अंतर निम्मं झालं की धक्का चौपट. सगळ्या धक्क्यांची बेरीज कमीत कमी होईल तिथे ठिपके थांबवा.

बाकावरच करून बघू. बाक सहा फुटांचा, दोन्ही टोकांना माणसं. तिसरा मधोमध बसला तर दोघांपासून तीन-तीन फूट. तीनचा वर्ग नऊ, म्हणून धक्का एक-नवमांश अधिक एक-नवमांश, म्हणजे साधारण 0.22. तोच माणूस एका टोकापासून फुटावर बसला तर धक्का एक अधिक एक-पंचविसांश, 1.04. जवळजवळ पाचपट अडचण! दुसऱ्या बाजूला पाच फूट मोकळे आहेत, पण त्या मोकळ्या जागेने ही गर्दी भरून निघत नाही.

कॉम्प्युटरला तीन स्वर दिले की ते सरळ तीन कोपऱ्यांत गेले: ई, आ, ऊ. अभिजात अरबीत नेमके हेच तीन. आणि पाच दिले की उरलेले दोन त्रिकोणाच्या दोन उतारांवर बसले. 'ई' आणि 'आ'च्या मध्ये 'ए'सारखा, 'ऊ' आणि 'आ'च्या मध्ये 'ओ'सारखा. कोणत्याही भाषेची माहिती न देता ई-ए-आ-ओ-ऊ बाहेर आलं.

आता जगाकडे बघू. इयन मॅडिसन यांनी भाषांच्या जागतिक ॲटलाससाठी 564 भाषांचे स्वर मोजले. ऱ्हस्व-दीर्घ आणि नाकातला आवाज सोडून, फक्त स्वराचा गुण. त्यातल्या 188 भाषा पाच स्वरांच्या निघाल्या, म्हणजे तिघींतली एक. त्यांच्या मागे सहा स्वरांच्या 100. स्पॅनिश, स्वाहिली, जपानी, आजची ग्रीक, सगळ्या पाचवाल्या, आणि या चौघींचं एकमेकींशी काही जवळचं नातं नाही. आपल्या शेजारची गोंडी ज्या द्राविडी कुळातली, त्या कुळाच्या मूळ भाषेतही गुण पाचच होते, प्रत्येकाचा एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ.

पाचच का, चार का नाही? चार झाले की एक उतार भरतो आणि दुसरा रिकामा राहतो. पाचात दोन्ही भरतात आणि कोणी कोणाच्या मांडीवर बसत नाही. सहावा आला की त्याला सोयीची एक जागा उरते, खोलीच्या मधोमध. मराठीचा 'अ' तिथेच बसलाय. 'पर' म्हणताना जीभ काहीच करत नाही, पुढे नाही, मागे नाही. बघा करून.

इथपर्यंत ऐकायला गोड आहे. पण हे गणित एका ठिकाणी चांगलंच चुकलं. आकडे पुन्हा आठवा: 'ई' ते 'ऊ' दुसऱ्या फॉर्मंटमध्ये 1400 हर्ट्झचं अंतर आहे. त्रिकोणाची सगळ्यात लांब बाजू ती. त्यामुळे सात-आठ स्वर दिले की कॉम्प्युटर तिथे, ई आणि ऊच्या मध्ये, एकामागून एक स्वर बसवत सुटला. खऱ्या भाषा असं फारसं करत नाहीत. त्या उतारांवरच दाटीवाटीने बसतात आणि वरचा बाक बऱ्याचदा मोकळा ठेवतात.

कारण कागदावरचं अंतर आणि कानातलं अंतर एक नाही. पहिल्या फॉर्मंटमध्ये आवाजाची ताकद जास्त असते. गोंगाटातही तो टिकतो. दुसरा त्यामानाने दुबळा, लवकर बुडतो. म्हणून कान तोंड किती उघडलं याला जास्त भाव देतो आणि जीभ किती पुढे याला कमी. ग्रनोबलच्या संशोधकांनी 1997 मध्ये दुसऱ्या फॉर्मंटचं वजन कमी धरून हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा वरची ती गर्दी कमी झाली. तरी सगळ्याच भाषा ऐकत नाहीत. कॉकेशसमधली कबार्डियन घ्या. तिचे स्वर फक्त वर-खाली वेगळे मानले जातात, पुढे-मागे नाहीत. बाकाची उपमा तिथे मोडते, आणि ती मोडते हे सांगितलेलं बरं.

आणि हो, भाषेत कोणी बसून हे ठरवत नाही. दोन स्वर फार जवळ आले की लोक चुकीचं ऐकतात, पोरं जसं ऐकतात तसं शिकतात, मग एक तर दोघे एकच होतात किंवा लांब सरकतात. आपल्या दोन वेलांट्या बोलण्यात एक झाल्या, तशा.

आता आजीच्या फोनकडे. साधा जुन्या पद्धतीचा कॉल साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवतो. 'ऊ'चा पहिला फॉर्मंट कुठे होता? 300 वर, अगदी कुंपणावर. 'ओ'चा 450, तो आत. दुसरे फॉर्मंट दोघांचे जवळजवळ सारखे, 800 आणि 850. म्हणजे पूर आणि पोर वेगळे करायला जो एक आकडा उपयोगी, तोच अर्धा कापला गेला, आणि वर पत्र्यावरचा पाऊस. 'पीर' मात्र वाचला, कारण त्याचा दुसरा फॉर्मंट 2200 वर, पट्ट्याच्या आत ठाम उभा होता. असा माझा हिशेब. तुमच्या फोनवर कॉल चालू असताना 'HD' दिसत असेल तर पट्टा रुंद असतो, खाली 50 पर्यंत. एकदा HD वर आणि एकदा साध्यावर मित्राला 'पूर, पोर, पीर' असं उलटंसुलटं म्हणून दाखवा आणि तो कुठे चुकतो ते लिहून ठेवा.

जाता जाता एक. इंग्रजीने आपल्याकडे दोन नवे प्रवासी पाठवले: 'बॅट'मधला ॲ आणि 'बॉल'मधला ऑ. ते बसले कुठे? दोन्ही उतारांवर, 'ए' आणि 'आ'च्या मध्ये, 'ओ' आणि 'आ'च्या मध्ये. तुमच्या-माझ्या तोंडात त्यांना स्वतःची जागा मिळाली. आजीच्या तोंडात नाही. तिच्या बाकावर सहाच जण, नव्याला ती सर्वांत जवळच्याच्या मांडीवर बसवते. डॉक्टरचा डाक्टर, कॉलेजचं कालेज. बँकेची मात्र ब्यांक, तिथे पुढचा रंग वाचवायला ती एक 'य' घालते, आणि जुन्या मराठीत लोक लिहायचेही तसंच.

परवा घरी गेलो तर आजी म्हणाली, "मामाचा काल आला होता." मी विचारलं, "काल? कोण आला होता काल?" ती म्हणाली, "अरे, काल नाही, आजच आला. फोनवर."