हंगाम संपला, नोटीस आली. पण कूळ संपले का?



सुगी उरकली की गावोगावी वकिलांच्या रजिस्टर नोटिसा येऊ लागतात. मजकूर ठरलेला असतो : ‘माझ्या अशिलाने आपणांस जमीन एका सालासाठी कसावयास दिली होती. हंगाम संपताच ताबा सोडावा.’ अशा कागदाला किती बळ असते, एवढाच माझा आजचा विषय आहे. मी बोलतो आहे ते पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणाला लागू असलेल्या 1948 च्या कूळकायद्याबद्दल. मराठवाड्याचा कायदा 1950 चा आणि विदर्भाचा 1958 चा. ते वेगळे आहेत.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मालक पुण्यात नोकरीला आहे आणि गावातला शेतकरी त्याची दोन एकर जमीन निम्म्या वाट्याने करतो. खरिपात भुईमूग, रब्बीत ज्वारी. मालक म्हणतो, ‘तो कूळ कसला, तो माझा वाटेकरी!’ पण कलम 4 असे पाहत नाही. दुसऱ्याची जमीन कायदेशीररीत्या कसणारा माणूस मालकाच्या कुटुंबातला नसेल, पगारी गडी नसेल आणि मालकाच्या देखरेखीखाली राबणारा मजूरही नसेल, तर तो कूळ मानला जातो. गड्याला धान्यात मजुरी दिली तरी तो गडीच राहतो, पण पिकाचा वाटा दिला की ही पळवाट बंद होते. वाद झाला तर तो माणूस कूळ आहे की नाही, हे तहसीलदार ठरवतो. दिवाणी न्यायालयात हा मुद्दा निघाला, तर तेही तो त्याच्याकडेच पाठवते.

तो कूळ ठरला, तर ‘हंगाम संपला’ हे कारण पुरत नाही. ‘जमीन मला स्वतः कसायची आहे’ हे कारण एके काळी चालत असे. पण त्यासाठीची नोटीस सर्वसाधारण मालकाने 31 डिसेंबर 1956 पर्यंत द्यायची होती आणि अर्ज 31 मार्च 1957 पर्यंत करायचा होता. दुसऱ्याच दिवशी, 1 एप्रिलला, कृषक दिन उजाडला. विधवा, अज्ञान, अपंग आणि सैनिक मालकांसाठी कायद्याने निराळी तरतूद ठेवली.

मग उरतो कुळाचा कसूर. कलम 14 मधली कारणे मोजकी आहेत. खंड थकवणे, जमिनीची कायमची नासाडी करणे, परस्पर पोटकूळ घालणे, स्वतः न कसणे, शेतीखेरीज दुसऱ्या कामाला जमीन वापरणे. मालकाने यातले नेमके कारण लिहून तीन महिन्यांची लेखी नोटीस द्यायची असते. त्या मुदतीत कुळाने चूक दुरुस्त केली, तर नोटीस तिथेच संपते.

आपल्या उदाहरणातल्या मालकाने ‘खंड थकला’ असे लिहिले, तीन महिने गेले आणि तो तहसीलदाराकडे गेला, असे समजा. तरीही तहसीलदार कुळाला थकबाकी आणि खर्च भरायला पंधरा दिवस देतो. पैसे भरले की कूळ कायम. ही सवलत तीन वर्षांचा खंड चुकवणाऱ्याला मिळत नाही, पण त्यासाठी मालकाने प्रत्येक कसुरीची सूचना तीन महिन्यांच्या आत दिलेली असावी लागते. बहुतेक मालकांचे घोडे इथेच अडते. त्यांच्याकडे खंड मिळाल्याची पावती नसते आणि थकल्याची सूचनाही नसते.

काही मालक मग स्टँपपेपरवर ‘राजीखुशीने ताबा सोडला’ असे लिहून घेतात. नोटरीचा शिक्का असला तरी तेवढ्याने भागत नाही. कुळाने हक्क सोडताना लेखी द्यावे लागते, आणि तहसीलदारासमोर त्याची पडताळणी व्हावी लागते. तहसीलदाराच्या आदेशाशिवाय नांगर घालून ताबा घेणाऱ्या मालकाचे त्या जमिनीतले पीक जप्त होऊ शकते आणि वर दंडही बसतो. ऊस, फळे किंवा फुले यांच्यासाठी दिलेल्या पट्ट्यांना मात्र यातली बरीच कलमे लागू नाहीत. म्हणून नोटीस हाती आली की पहिला प्रश्न हा विचारा : जमीन कोणत्या पिकासाठी दिली होती?

या संरक्षणाची दुसरी बाजूही आहे. 1957 नंतर लागलेल्या कुळालाही वर्षभरात जमीन खरेदी करण्याचा हक्क कायद्याने दिला. त्यामुळे मालक कागद करत नाही, दरसाल माणूस बदलतो किंवा जमीन पडीक ठेवतो. कसणाऱ्याजवळ कागद नसल्याने त्याला पीककर्ज मिळणे अवघड होते. गारपिटीची भरपाई सातबारावाल्याच्या खात्यात जाते. कायद्याने ज्याला सर्वांत जास्त जपले, तोच आज कागदावर कुठे दिसत नाही.

नीती आयोगाने 2016 मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा मांडला. त्यात मुदत संपताच जमीन मालकाकडे परत येते, आणि मुदतीपुरते कर्ज, विमा व भरपाई कसणाऱ्याला मिळते. मालकाची भीती आणि कसणाऱ्याची अडचण दोन्ही एकदम दूर करणारी वाट मला तरी हीच दिसते. पण तसा कायदा लागू होईपर्यंत दोघांनाही माझे सांगणे एकच आहे. मालकाने कारण न लिहिता नोटीस धाडू नये आणि कसणाऱ्याने तहसीलदारासमोर गेल्याशिवाय कशावरही अंगठा उठवू नये.