फ्लॉवरची परात आणि त्या दिवशीची अळी

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले बोलणे)

आज बचतीचा आणि कर्जवाटपाचा विषय शेवटी घेऊ. आधी ही परात बघा. यात एक फ्लॉवरचा गड्डा आहे, एक कोबीचा आहे, विळी आहे आणि मिठाचा पुडा आहे. काही जणी हसताय. "या पोरीने आता आम्हाला भाजी धुवायला शिकवायची," असं मनात आलं असेल. पण मी शिकवायला उभी नाही. मागच्या महिन्यात जे घडलं त्यात माझीही चूक होती, ती सांगायला उभी आहे.

आपल्या एका गटाला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाच्या जेवणाची ऑर्डर मिळाली होती. रोजची ऐंशी ताटं. पहिल्या दिवशी फ्लॉवर-बटाट्याची भाजी होती. सगळं छान झालं, पोळ्या मऊ, वरण घट्ट. आणि तिसऱ्या पंगतीत एका बाईंच्या ताटात फ्लॉवरच्या तुऱ्याला चिकटलेली अळी निघाली. अर्ध्या बोटाएवढीही नव्हती ती. पण ताट बाजूला सरकलं, शेजारच्या चार जणींनी हात आखडले, आणि संध्याकाळी निरोप आला की उद्यापासून जेवणाची दुसरी सोय केली आहे. दोन दिवसांचा आणलेला किराणा गटाच्या अंगावर पडला.

आता चूक कुठे झाली ते ऐका. सकाळी घाई होती. मला विचारलं, "ताई, फ्लॉवरचं काय करायचं?" मी म्हटलं, "मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं टाका." मी समाजकार्य शिकले, फ्लॉवर नाही. गटातल्यांनी मोठे मोठे तुकडे केले, भरल्या टपात मूठभर मीठ टाकलं, दहा मिनिटांनी पाणी ओतून दिलं आणि भाजी फोडणीला गेली. आम्ही धुतलं होतं हो, पण अळी बाहेर येईल असं काहीच केलं नव्हतं.

घरी जाऊन मी आईला विचारलं, मग गटातल्या एका काकूंना. त्यांच्या शेतात कोबी असतो. त्यांनी एक पान उलटं करून दाखवलं. खालच्या बाजूला फिकट हिरवी, साधारण एक सेंटिमीटर लांब, दोन्ही टोकांना निमुळती अळी. काडीने डिवचली तर ती वळवळत मागे सरकली आणि धाग्याला लोंबकळत खाली उतरली. कृषी खात्याची माणसं हिला चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी म्हणतात. पानाचा हिरवा भाग ती खाते आणि वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते, म्हणून पान उजेडात धरलं की छोट्या काचेच्या खिडक्या असल्यासारखं दिसतं. अशा खिडक्या, भोकं किंवा हिरवट-काळे बारीक दाणे दिसले, तर समजायचं की पाहुणी आत आहे. ते दाणे म्हणजे अळीची विष्ठा. नुसती माती समजून पुसून टाकू नका.

मग काकू आणि मी एका फ्लॉवरचे तीन भाग केले. पहिल्या भागाचे मोठे तुकडे गार मिठाच्या पाण्यात टाकले, आमच्या त्या दिवसासारखे. दुसरा भाग थेट उकळत्या पाण्यात टाकला. तिसऱ्याचे बोटाच्या पेरभर तुरे केले आणि कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवले. वीस मिनिटांनी सगळं बाहेर काढलं आणि एकेक तुरा चिरून पाहिला. पहिल्यात एक अळी पाण्यावर आलेली, दोन आतच. दुसऱ्यात पाण्यात काही नाही, पण तुऱ्यांच्या खाचेत दोन मेलेल्या अळ्या आक्रसून बसलेल्या. तिसऱ्यात चार अळ्या पाण्यावर आल्या होत्या आणि चिरून पाहिलं तर आत एकही नव्हती. एका गड्ड्यावरून फार मोठं काही सिद्ध होत नाही, मला माहीत आहे. तीन भागांत आधी किती अळ्या होत्या तेही सारखं नसणार. पण कारण समजलं. अळी जिवंत असेल तरच ती स्वतः बाहेर पडते. उकळत्या पाण्याने ती मरते, पण जिथे होती तिथेच राहते, आणि मग ताटात निघते. म्हणून आधी मिठाचं कोमट पाणी, आणि उकळत्या पाण्यातून काढायची असेल तर ते नंतर.

आता करायचं कसं, ते समोरच करते. फ्लॉवरची बाहेरची पानं काढली, दांडा काढला. एरवी आपण म्हणतो की भाजी आधी धुवा, मग चिरा. पण फ्लॉवर अखंड धुतला तर पाणी वरच्या वर वाहून जातं, कारण तुरे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. म्हणून आधी तुरे सोडवायचे. तोडताना तुऱ्याचा खालचा भाग बघा, जिथे फांद्या फुटतात ती खाच. काळपट डाग किंवा जाळीसारखा धागा दिसला की तेवढा भाग कापून टाका. दुसऱ्या कोणाला तो दिसणार नाही, तोडणाऱ्या बाईलाच दिसतो.

पाणी हाताला कोमट लागेल इतकंच. एक लिटरला दोन मोठे चमचे मीठ, म्हणजे साधारण तीस ग्रॅम. दहा लिटरच्या पातेल्याला तीनशे ग्रॅम लागतं, किलोच्या पुड्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. आम्ही त्या दिवशी मूठभर टाकलं होतं. तुरे पाण्यावर तरंगतात, म्हणून वर ताट ठेवा आणि सगळे बुडवा. पंधरा ते वीस मिनिटं पुरे. तासभर ठेवून फायदा नाही, उलट जीवनसत्त्व पाण्यात उतरतं आणि भाजी खारट होते. काही जणी त्याच पाण्यात हळद घालतात. घाला, पण पिवळ्या पाण्यात फिकट हिरवी अळी दिसत नाही, म्हणून मी बघून होईपर्यंत थांबते.

आणि आता आपली सगळ्यांची सवय: पातेलं तिरकं करून पाणी ओतायचं. ते करू नका. वर आलेला किडा आणि तळाची माती पुन्हा भाजीवरच येते. तुरे झाऱ्याने किंवा हाताने वर उचलून दुसऱ्या पातेल्यात घ्या, मग साध्या पाण्याने दोनदा धुवा. हे खारं पाणी परसबागेत ओतू नका, वाफ्यातलं रोप कोमेजेल.

एक गोष्ट मात्र मिठाने होत नाही. मावा. फ्लॉवरवर किंवा कोबीच्या पानाच्या वळणात राखेचा हात फिरवल्यासारखा जो करडा थर दिसतो, तो कोबीवरचा मावा असतो. त्याच्या अंगावर मेणासारखी भुकटी असते, पाणी त्यावरून घरंगळतं. बुडवून ठेवलं तरी तो जागचा हलत नाही. त्यासाठी नळाची धार आणि अंगठा. तुऱ्यात थोडा असेल तर चोळून धुवा. खाच भरून असेल तर तो तुरा फेका, चोळत बसण्यात अर्थ नाही.

कोबीचं वेगळं आहे. अख्खा कोबी मिठाच्या पाण्यात टाकून काहीच होत नाही, पाणी आत जातच नाही. बाहेरची दोन-तीन पानं काढा, दांड्यातून उभे चार भाग करा आणि प्रत्येक भाग उजेडात बघा. आत जाणारी बारीक वाट किंवा तो दाणेदार कचरा दिसला, तर त्या वाटेमागे शेवटपर्यंत जा, अळी तिथेच असते. मग पानं सुटी करा, दोन्ही बाजूंनी धारेखाली चोळा आणि मगच चिरा. चिरलेला कोबी धुतला तर किड्याचा तुकडा कोशिंबिरीत मिसळून जातो, दिसतसुद्धा नाही.

बाहेरच्या पानांना दोन भोकं आहेत म्हणून गड्डा परत करू नका. आतला भाग पांढरा, घट्ट असेल तर तो चांगला आहे. आणि अगदी आरशासारखा गुळगुळीत गड्डा दिसला, तर त्याच्यावर किती फवारण्या झाल्या असतील तेही विचारा. मिठाच्या पाण्याने किडा निघतो. फवारणीचं सगळं औषध त्याने निघत नाही. साबण आणि कपड्याची पावडर तर अजिबात वापरायची नाही. ती भाजीत शिरते आणि मग पोटात जाते.

मागच्या वेळी एका ताईंनी विचारलं होतं, "कोबीतला किडा मेंदूत जातो म्हणतात, खरं का?" दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. ही हिरवी अळी मेंदूत जात नाही. ती शिजून चुकून पोटात गेली तर किळस येईल, एवढंच. मेंदूत गाठी होतात त्या डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीच्या अंड्यांमुळे. तो पट्टकृमी माणसाच्या आतड्यात राहतो, त्याची अंडी शौचातून बाहेर पडतात. सांडपाण्यावर वाढवलेल्या कुठल्याही भाजीवर ती येऊ शकतात, किंवा शौचाहून आल्यावर न धुतलेल्या हाताने. ती डोळ्याला दिसत नाहीत, मिठाच्या पाण्याने मरत नाहीत, नीट शिजवल्यावर मरतात. म्हणून पाणी कुठलं होतं ते माहीत नसलेल्या कोबीची कच्ची कोशिंबीर गटाच्या ऑर्डरीत देऊ नका. घरी खायची तर पान-पान धुवून. आणि चिरायला बसण्याआधी हात साबणाने.

शेवटी हिशोब. ऐंशी ताटांना बटाटा धरून दहा किलो फ्लॉवर लागला होता. दोघी जणींना तोडायला आणि खाच बघायला एक तास लागतो. दहा लिटरची दोन पातेली दोनदा लावावी लागतात, दुसऱ्या वेळी पाणी आणि मीठ नवीन. म्हणजे मीठ सव्वा किलो धरा आणि पाऊण तास भिजवण्याचा. सात वाजता सुरू केलं तर फोडणी नऊच्या आधी होत नाही. त्या दिवशी आम्ही आठला फ्लॉवर हातात घेतला आणि साडेआठला भाजी कढईत होती, चूक खरं तर तिथेच ठरून गेली होती.

येत्या गुरुवारी आपल्याच पंचायतीत पन्नास ताटांची ऑर्डर आहे. मेनू तोच ठेवलाय, मी मुद्दाम बदलला नाही. सकाळी साडेसहाला तोडायला कोण बसणार ते आत्ता वहीत लिहू. ज्यांना जवळचं नीट दिसत नाही त्यांनी चष्मा आणा, नाहीतर पोळ्यांकडे बसा. बल्ब मी आणते, मागच्या वेळी त्या खोलीत उजेडच नव्हता.